बॅटरीची डेटाशीट कशी वाचावी: 100 एएचच्या एका लिथियम सेलवरून नेहमीचे प्रश्न

घरच्या इन्व्हर्टरसाठी चार लिथियम आयर्न फॉस्फेट सेल जोडून 12 व्होल्टचा पॅक बांधणाऱ्यांची संख्या वाढली आहे. तयार पॅक घेणाऱ्यालाही विक्रेता सेलची डेटाशीट पाठवतो. या वर्गातल्या 100 एएचच्या चौकोनी सेलच्या पत्रकात साधारण पुढच्यासारख्या ओळी असतात. खालची सगळी उत्तरं याच नमुन्यावरून दिली आहेत.

```
Nominal Voltage     3.2 V
Nominal Capacity    100 Ah (0.5C, 25±2°C, 2.5 V)
Charge              CC-CV, 3.65 V, end current 0.05C
Discharge Cut-off   2.5 V (T > 0°C), 2.0 V (T ≤ 0°C)
Cycle Life          ≥ 4000 (0.5C/0.5C, 25±2°C,
                    300 kgf, 80% capacity)
Charge Temp.        0 ~ 55°C
```

वाचायला सुरुवात कुठून करावी?

कंसापासून. ठळक आकडे मिळालेल्या निकालाचे असतात आणि तो निकाल कोणत्या परिस्थितीत मिळाला ते कंसात लिहिलेलं असतं. वरच्या पत्रकाचा खरा अर्थ असा: 25 अंशांच्या खोलीत 50 अँपिअरने 2.5 व्होल्टपर्यंत रिकामा केला, तर हा सेल 100 एएच देतो. यातली एक अट बदलली की 100 हा आकडाही बदलतो.

काही पत्रकांत कंस नसतात आणि अटी शेवटच्या पानावर 'स्टँडर्ड चार्ज' आणि 'स्टँडर्ड डिस्चार्ज' अशा नावांनी दिलेल्या असतात. मग आधी ते पान काढा. अटी कुठेच नसतील तर तो कागद जाहिरातीचा आहे. त्यावरचे आकडे दुसऱ्या सेलशी ताडून पाहता येत नाहीत.

पत्रकात 3.2 व्होल्ट आणि मीटरवर 3.33. सेल चुकीचा आला का?

नाही. 3.2 हा नॉमिनल व्होल्टेज आहे, म्हणजे सेल भरलेल्या अवस्थेपासून रिकामा होईपर्यंत लोडवर असतानाचा ढोबळ सरासरी व्होल्टेज. भरून तासभर विसावलेला सेल 3.33 ते 3.35 च्या आसपास दिसतो. लोड लावला की तो 3.2 च्या घरात उतरतो आणि बराच वेळ तिथेच थांबतो.

नॉमिनलचा खरा उपयोग ऊर्जा काढण्यासाठी होतो. 3.2 गुणिले 100 म्हणजे 320 वॉट-अवर, आणि चार सेल ओळीने जोडले की 12.8 व्होल्ट, 1,280 वॉट-अवर. समजा लोडशेडिंगमध्ये घरचा भार 500 वॉट आहे आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता 88 टक्के आहे. तर बॅटरीतून सुमारे 568 वॉट निघतील, म्हणजे 44 अँपिअर. 1,280 ला 568 ने भागलं की सव्वादोन तास येतात. हे गणित इथे विश्वासाने मांडता येतं, कारण 44 अँपिअर हा प्रवाह चाचणीतल्या 50 अँपिअरच्या जवळ आहे.

या रसायनात व्होल्टेजवरून शिल्लक चार्ज ओळखता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मधल्या मोठ्या टप्प्यात वक्र जवळजवळ सपाट असतो. निम्मी क्षमता वापरून झाली तरी व्होल्टेज जेमतेम काही शतांश हलतो. शिल्लक मोजायची असेल तर शंट लावून आत-बाहेर जाणारे अँपिअर-अवर मोजणारा मीटर बसवा. इन्व्हर्टरवरच्या चार दिव्यांची पट्टी लेड-ॲसिडच्या व्होल्टेजवर बेतलेली असते आणि इथे ती दिशाभूल करते.

निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलवर कुणी 3.6 लिहितं, कुणी 3.7. सेल तसाच असला तरी वॉट-अवरच्या लेबलात जवळपास तीन टक्क्यांचा फरक पडतो. अशा दोन सेलची तुलना वॉट-अवरवर न करता, सारख्या अटींवरच्या एएचवर करा.

कट-ऑफ 2.5 व्होल्ट आहे. मग बॅटरी 10 व्होल्टपर्यंत वापरायची का?

नको. 2.5 ही चाचणी थांबवण्याची रेषा आहे. रोज तिथवर जावं अशी शिफारस त्यातून निघत नाही. 3.0 व्होल्टच्या खाली वक्र कड्यासारखा कोसळतो आणि त्या उतारात क्षमता फार थोडी असते. तिथवर गेल्याने काही मिनिटं जास्त मिळतात आणि त्या बदल्यात सेल धोक्याच्या काठावर जातो. रोजच्या वापरासाठी लोडवर 2.9 ते 3.0 व्होल्टला थांबणं शहाणपणाचं, म्हणजे चार सेलच्या पॅकला सुमारे 11.6 ते 12.0.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची आहे. पत्रकातला कट-ऑफ एका सेलचा आहे आणि इन्व्हर्टर बघतो तो चौघांची बेरीज. लेड-ॲसिडसाठी बनवलेला इन्व्हर्टर साधारण 10.5 ते 10.8 व्होल्टला बंद होतो. आता तीन सेल 3.1 वर आहेत आणि एक अशक्त सेल 1.5 वर आला आहे असं धरा. बेरीज 10.8 भरते. म्हणजे इन्व्हर्टरच्या लेखी अजून सगळं ठीक आहे, आणि एक सेल मात्र कधीच मर्यादेबाहेर गेलेला आहे. इतका खोल गेलेला सेल तसाच राहिला किंवा आणखी खाली ओढला गेला, तर त्याच्या आतली तांब्याची पत्री विरघळू लागते. पुढच्या चार्जिंगला ते तांबं नको तिथे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता तयार होते. म्हणून प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर ठेवणारा बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचा बोर्ड, लागतोच. बीएमएसच्या पत्रकातही प्रति सेल कट-ऑफ किती आहे ते पाहा. तो सेलच्या 2.5 पेक्षा खाली असता कामा नये.

इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणतो, पण पॅकवर मीटर लावला तर व्होल्टेज बरा दिसतो. असं का होतं?

मधल्या केबलमुळे. कट-ऑफ सेलच्या टोकांवर, प्रवाह चालू असताना मोजलेला असतो. इन्व्हर्टर मात्र केबलच्या दुसऱ्या टोकाला बसून मोजतो. 16 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे 1.1 मिलिओहम रोध असतो. जाऊन-येऊन चार मीटर तार आणि वर लग्जचे जोड धरले की 5 मिलिओहम सहज होतात. 44 अँपिअरला तिथे 0.22 व्होल्ट खर्च होतात, आणि पॅकवर 12.0 असताना इन्व्हर्टर 11.78 वाचतो.

तपासणं सोपं आहे. लोड चालू ठेवून आधी पॅकच्या टोकांवर आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मीटर लावा. फरक चौथाई व्होल्टपेक्षा जास्त आला तर प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून कुठला जोड व्होल्टेज खातोय ते शोधा. दोषी जोड बहुतेक वेळा हाताला गरमही लागतो, पण हात लावण्याआधी लोड बंद करा. लोड बंद असताना घेतलेलं माप या कामाला निरुपयोगी आहे, कारण प्रवाह नसेल तर फरकही दिसत नाही.

2.0 व्होल्टची दुसरी ओळ कशासाठी आहे?

शून्य अंशाखालच्या वापरासाठी. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि चार्ज शिल्लक असतानाही लोडवर व्होल्टेज खचतो. म्हणून तिथे रेषा खाली घेतलेली असते. महाराष्ट्रातल्या घरात ती लागू होत नाही. विक्रेता '2 व्होल्टपर्यंत चालतो' म्हणाला तर याच ओळीचा कंस त्याला दाखवा.

0.5सी, सी20 ही भानगड काय? दीडशे एएचची जुनी बॅटरी काढून शंभरची लावणं तोट्याचं नाही का?

सी म्हणजे क्षमतेच्या पटीत सांगितलेला प्रवाह. 100 एएचच्या सेलला 1सी म्हणजे 100 अँपिअर आणि 0.5सी म्हणजे 50. ट्युब्युलर लेड-ॲसिडच्या लेबलवर हीच गोष्ट उलट बाजूने लिहितात. '150 एएच, सी20' म्हणजे 20 तासांत रिकामी करताना 150 एएच, अर्थात फक्त 7.5 अँपिअरने. चाचणी सहसा 27 अंशांवर आणि 10.5 व्होल्टपर्यंत केलेली असते. 25 आणि 27 अंशांतला फरक किरकोळ आहे. 7.5 आणि 50 अँपिअरमधला फरक मात्र प्रचंड आहे.

लेड-ॲसिडमध्ये प्रवाह वाढला की मिळणारी क्षमता घटते. प्लेटच्या आत ॲसिड पोचायला वेळ लागतो, तो मिळत नाही. याचा अंदाज प्यूकर्टच्या सूत्राने येतो:

```
t = H × (C / (I × H))^n
H = 20, C = 150, I = 45, n = 1.25
t ≈ 2.1 तास
```

नुसत्या भागाकाराने, म्हणजे 150 भागिले 45, तीन तास वीस मिनिटं निघतात. प्रत्यक्षात दोन तासांच्या थोडं पुढे जाऊन बॅटरी 10.5 वर येते, म्हणजे हाती पडतात सुमारे 95 एएच. इथे n ची किंमत 1.25 धरली आहे. ती बॅटरीच्या बनावटीप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलते, त्यामुळे हा अंदाजच समजा. लिथियम फॉस्फेटला 45 अँपिअर म्हणजे चाचणीच्याच आतला भार, तिथे 100 चे जवळपास 100 मिळतात. म्हणून 500 वॉटच्या घरात या दोन बॅटऱ्या साधारण बरोबरीने चालतात. त्याच घरात रात्रभर एकच पंखा आणि दोन दिवे चालवायचे असतील तर दीडशेची ट्युब्युलर पुढे जाईल, कारण तेव्हा ती आपल्या चाचणीच्या अटींजवळ असते. कोणती बॅटरी मोठी, याचं उत्तर तुमचा भार किती यावर ठरतं.

सोलरसाठीच्या ट्युब्युलरवर सी10 लिहिलेलं असतं. तोच 150 चा आकडा सी10 वर असेल तर ती सी20 वाल्या दीडशेपेक्षा मोठी बॅटरी आहे. दुकानात किमतीची तुलना करताना हा एक अंक आधी पाहा.

4,000 सायकल म्हणजे रोज एक धरली तर अकरा वर्षं. बरोबर ना?

भागाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष धोक्याचा आहे. सायकल लाइफची ओळ सगळ्यात जास्त उद्धृत होते आणि सगळ्यात कमी वाचली जाते, म्हणून तिचे तुकडे सावकाश पाहू.

पहिला तुकडा '80%'. 4,000 सायकलनंतर सेल मरतो असा त्याचा अर्थ नाही. तोवर क्षमता 100 वरून 80 एएचवर येते आणि तिथे मोजणी थांबवलेली असते. दुसऱ्या एखाद्या पत्रकात '6,000 सायकल, 70%' असेल. आपल्या सेलची घट सरळ रेषेत धरली तर 4,000 सायकलमध्ये 20 टक्के, म्हणजे हजारी 5 टक्के. याच वेगाने 6,000 सायकलला 30 टक्के घट होते आणि 70 टक्के उरतात. थोडक्यात, 4,000 आणि 6,000 हे दोन आकडे एकाच सेलचे असू शकतात. शेवटची टक्केवारी सारखी केल्याशिवाय दोन पत्रकं शेजारी ठेवू नका.

दुसरा तुकडा '0.5C/0.5C'. चार्जला दोन तासांहून थोडं जास्त, डिस्चार्जला दोन तास आणि मधली विश्रांती धरून एका सायकलला पाच तास धरा. 4,000 सायकलना 20,000 तास लागतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षं. सेल नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो, आणि प्रयोगशाळेतल्या चाचणीत त्याचं हे म्हातारपण सव्वादोन वर्षांचंच मोजलं गेलं. तुमच्या घरी तो अकरा वर्षं काढणार आहे. त्यातल्या उरलेल्या पावणेनऊ वर्षांची झीज या ओळीत धरलेलीच नाही. विक्रेत्याकडे सायकलचा आलेख मागा आणि प्रत्यक्ष मोजलेले बिंदू कुठे संपतात, पुढे अंदाजाची रेषा कुठून सुरू होते, ते बघा.

तिसरा '25±2°C'. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर 45 अंश असतात. पत्र्याच्या खोलीत सेल त्याहून गरम राहतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज ढोबळमानाने दुप्पट होते, असा आडाखा बॅटरीवाले वापरतात. काही उत्पादक 45 अंशांवरच्या सायकलची वेगळी ओळ देतात आणि तिथला आकडा बराच लहान असतो. तुमच्यासाठी तीच ओळ खरी माना. आणि '0 ~ 55' ही मर्यादा सेलच्या अंगाच्या तापमानाची आहे, खोलीच्या नव्हे. 55 अंशांला चार्ज करायला परवानगी आहे म्हणून तिथे 4,000 सायकलही मिळतील, असं कुणी म्हटलेलं नाही.

'300 kgf' कशाला लिहिलंय?

चाचणीत सेल दोन पाट्यांमध्ये इतक्या जोराने आवळून ठेवला होता म्हणून. चौकोनी सेल चार्ज होताना किंचित फुगतो आणि वर्षांगणिक आत थोडा वायूही साठतो. बाहेरून आधार नसेल तर आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि क्षमता लवकर पडते. सेल सुटे ठेवून पॅक बांधला तर 4,000 चा आकडा त्याला लागू नाही.

आवळण्यासाठी दोन टोकांना जाड ॲल्युमिनियमच्या किंवा मरीन प्लायच्या पाट्या आणि चार कोपऱ्यांत एम6 चे थ्रेडेड रॉड पुरतात. दोन सेलच्या मध्ये इन्सुलेशनची शीट घाला. 300 किलोग्रॅम-बल चार रॉडवर वाटलं की प्रत्येकी 75, म्हणजे सुमारे 736 न्यूटन. टॉर्कचं नेहमीचं सूत्र लावून पाहा:

```
T = 0.2 × F × d = 0.2 × 736 × 0.006 ≈ 0.9 N·m
```

हा टॉर्क फारच हलका आहे. बोटांनी नट घट्ट बसवून पान्याने थोडासाच फिरवला की तो गाठला जातो. लांब पान्याने अंग टाकून आवळलं तर बल कित्येक पट होतं आणि सेलची बाजू दबते. चार सेल आहेत म्हणून 300 ला चाराने गुणायचीही चूक होते. ओळीने ठेवलेल्या सगळ्या सेलमधून तेच एक बल जातं. आवळण्याच्या वेळी सेल किती चार्ज असावा हे काही पत्रकांत दिलेलं असतं. ते पाळा, कारण रिकामा असताना आवळलेला सेल भरल्यावर जास्त दाब घेतो.

आलेला पॅक खरंच 100 एएचचा आहे का, हे घरी कसं तपासायचं?

पत्रकाच्या अटी शक्य तितक्या उभ्या करून. पॅक 14.6 व्होल्टपर्यंत चार्ज करा आणि प्रवाह उतरून 5 अँपिअरवर येईपर्यंत तिथेच धरून ठेवा. पत्रकातला 0.05C तो हाच. इथे घाई केली तर पॅक भरत नाही आणि निकाल कमी येतो. मग एक तास विसावू द्या. शंट-मीटर शून्यावर आणा आणि इन्व्हर्टरवर साधारण 500 वॉटचा स्थिर भार लावा. हॅलोजन किंवा साधे बल्ब चालतात. शेवटच्या टप्प्यात समोरून हलू नका, चारही सेलचे व्होल्टेज बघत राहा आणि पहिला सेल 2.5 ला पोचताच थांबा. एएचची मोजणी बॅटरीच्या बाजूच्या शंटवरच घ्या. एसी बाजूचं युनिट मोजणारं यंत्र इन्व्हर्टरचा तोटाही बॅटरीच्या माथी मारतं.

समजा 91 एएच आले. लगेच 'सेल खोटा' म्हणू नका. थांबलात त्या क्षणी बाकीचे तीन सेल कुठे होते ते पाहा. तेही 2.7-2.8 पर्यंत उतरले असतील तर पॅकची क्षमता खरोखर 91 आहे आणि तक्रारीला जागा आहे. पण ते तिघं 3.15 वर आणि एकटाच 2.5 वर असेल, तर दोन शक्यता उरतात. एक, तो सेल सुरुवातीलाच पुरता भरला नव्हता. दोन, तो इतरांपेक्षा लहान आहे. निवाड्यासाठी चारही सेल सुटे करा. आधी त्यांचे व्होल्टेज जवळजवळ सारखे करून घ्या, नाहीतर जोडताना जोरदार प्रवाह धावतो. मग समांतर जोडून 3.65 व्होल्टवर प्रवाह जवळपास थांबेपर्यंत भरा, पुन्हा ओळीने जोडा आणि चाचणी पुन्हा करा. आता 99 आले तर दोष समतोलाचा होता. पुन्हा तोच सेल आधी कोसळला तर तो बदलून मागा, आणि दोन्ही चाचण्यांचे आकडे, प्रवाह आणि खोलीचं तापमान लिहून सोबत द्या.

डेटाशीटवरच संशय असेल तर?

आधी पत्रकातले आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहा. नॉमिनल 3.2 आणि चार्ज व्होल्टेज 4.2 असं लिहिलं असेल तर दोन वेगळ्या रसायनांची पत्रकं एकत्र चिकटवली आहेत. क्षमतेपुढे 'टिपिकल' लिहिलं असेल तर 'मिनिमम' किती ते शोधा, कारण उत्पादक हमी देतो ती किमान आकड्याची.

मग सेल वजनकाट्यावर ठेवा. या वर्गातला 100 एएचचा सेल साधारण दोन किलोचा असतो, म्हणजे 320 वॉट-अवर भागिले 2, किलोमागे 160. काटा 1.2 किलो दाखवत असेल तर किलोमागे 267 निघतात आणि लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये इतकी ऊर्जा मावत नाही. असा सेल 100 एएचचा नाही, किंवा तो या रसायनाचा नाही. दोन्ही परिस्थितींत तो 14.6 व्होल्टच्या चार्जरला न जोडता परत करा.